‘१०० टक्के पर्यावरणपूरक’ लिहिण्याआधी पार्सल वजनकाट्यावर ठेवा

प्रश्न: साताऱ्यात आमचा घरगुती साबण आणि उटण्याचा छोटा ब्रँड आहे. बबल रॅप बंद करून कागदी पॅकिंग सुरू केलंय, उटण्यासाठी बायोडिग्रेडेबल पाऊच घेतलेत. इन्स्टाग्रामसाठी पोस्ट लिहिली: “आता आमचं पॅकेजिंग १०० टक्के पर्यावरणपूरक, प्लॅस्टिकमुक्त आणि बायोडिग्रेडेबल!” मैत्रीण म्हणते, हे असं लिहू नकोस, अंगाशी येईल. खरंच एवढं काही आहे का? आणि मग लिहायचं तरी काय?

उत्तर:

मैत्रिणीचं ऐका. त्या एका ओळीत तुम्ही तीन दावे केलेत आणि आज कुणी पुरावा मागितला तर माझ्या अंदाजाने तिन्हींपैकी एकाचाही कागद तुमच्याकडे निघणार नाही. तुम्ही बदल खरोखर केलाय, त्यामुळे सांगण्यासारखं तुमच्याकडे भरपूर आहे. फक्त ते त्या ओळीत आलेलं नाही.

मी भोसरीत एका खोके बनवणाऱ्या कारखान्यात सहा वर्षं परचेस सांभाळलं. आता छोट्या ब्रँडसाठी लिहून देते. म्हणजे पुरवठादार फोनवर काय बोलतो आणि ते पोस्टमध्ये येईपर्यंत त्याचं काय होतं, ही दोन्ही टोकं मी पाहिली आहेत. आणि हो, माती मीही खाल्ली आहे. एका गिऱ्हाइकाच्या पाऊचबद्दल मी “मातीत मिसळून जाणारं” असं लिहिलं होतं. एका बाईंनी ते पाऊच बाल्कनीतल्या कुंडीत पुरलं आणि सात महिन्यांनी उकरून फोटो टाकला. पाऊच शाबूत. वरचं ब्रँडचं नाव तर इतकं स्पष्ट की आमच्या मूळ पोस्टमध्येही तेवढं दिसत नव्हतं. त्या कमेंटला पोस्टपेक्षा जास्त लाइक मिळाले.

कायद्याचं आधी उरकते, म्हणजे मुद्द्याकडे वळता येईल. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगबद्दल, म्हणजे पर्यावरणाच्या नावाने केलेल्या फसव्या दाव्यांबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’, ‘नॅचरल’, ‘सस्टेनेबल’ असे मोघम शब्द नुसते वापरता येत नाहीत. दावा नेमका कशाबद्दल आहे, वस्तूबद्दल, बनवण्याच्या पद्धतीबद्दल की पॅकिंगबद्दल, ते सोबत सांगावं लागतं आणि त्याला आधार द्यावा लागतो. ‘प्लॅस्टिकमुक्त’, ‘कंपोस्टेबल’, ‘रिसायकल होणारं’ यांसारख्या ठाम दाव्यांना विश्वासार्ह प्रमाणपत्र, शास्त्रीय पुरावा किंवा त्रयस्थाकडून तपासणी असं काहीतरी पाठीशी हवं. तपशील पोस्टमध्ये मावत नसेल तर क्यूआर कोड किंवा लिंक चालते. “आमची साधी इन्स्टाची पोस्ट, ती कसली जाहिरात” असं वाटत असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली जाहिरातीची व्याख्या वाचा. तिच्यात इंटरनेट तर आहेच, पण लेबल, वेष्टन आणि बिलसुद्धा आहे. इतकंच काय, धूर आणि वायूने केलेली प्रसिद्धीही आहे! फसव्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. साताऱ्यातल्या साबणवालीच्या दारात उद्या कुणी नोटीस घेऊन उभं राहील असं मी म्हणत नाही. तुमची खरी परीक्षा कमेंटमध्ये होणार आहे, त्या कुंडीवाल्या बाईंसारख्या कुणाकडून.

आता कामाला लागू. उद्या सकाळी एक तयार पार्सल, जसं कुरिअरवाला नेतो अगदी तसं, टेबलावर घ्या आणि गिऱ्हाईक उघडेल तसं उघडा. निघालेली प्रत्येक गोष्ट वेगळी ठेवा: खोका, चिकटपट्टी, आतला कागद, साबणावरचं वेष्टन, त्यावरचा स्टिकर, आणि पत्त्याचा कागद ज्यात सरकवतात ते कुरिअरचं पारदर्शक पाऊच. हे शेवटचं हमखास विसरतं, कारण ते ‘आपलं’ नसतं. पण गिऱ्हाइकाच्या हातात सगळ्यात आधी तेच प्लॅस्टिक येतं, आणि ‘प्लॅस्टिकमुक्त’ वाचून पार्सल घेणारीला ते आधी दिसतं.

मग स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. तो एक ग्रॅमपर्यंतच दाखवतो, त्यामुळे एक स्टिकर ठेवलात तर शून्य दाखवेल. दहा पार्सलचं सामान एकत्र मोजा आणि दहाने भागा. जुनं पॅकिंग शिल्लक असेल तर तेही असंच मोजा. नसेल तर जुन्या बिलांवरून त्याच मापाचा बबल रॅप कुणाकडून तरी हातभर आणा आणि मोजा, पण आठवणीने आकडा टाकू नका. काट्यावरचा आकडा दिसेल असा फोटो काढा, तारीख लिहा. हा फोटो हाच तुमचा पहिला पुरावा.

माझ्या एका साबणवाल्या गिऱ्हाइकाचे आकडे सांगते, म्हणजे यातून काय निघतं ते कळेल. चार साबणांचं पार्सल. जुन्या पॅकिंगमध्ये बबल रॅप १६ ग्रॅम, प्लॅस्टिकची चिकटपट्टी ५ ग्रॅम, चार साबणांवरचं श्रिंक रॅप मिळून ८ ग्रॅम आणि कुरिअरचं पाऊच ३ ग्रॅम. एकूण प्लॅस्टिक ३२ ग्रॅम. नव्यात बबल रॅपच्या जागी जाळीदार कागद आला, चिकटपट्टी पाणी लावून चिकटवायची कागदी झाली आणि साबण कागदात गुंडाळले. प्लॅस्टिक उरलं ते कुरिअरच्या पाऊचचं ३ ग्रॅम आणि स्टिकरचं १ ग्रॅम, कारण स्टिकर वरून कागदासारखा दिसत असला तरी प्लॅस्टिकच्या फिल्मचा होता. म्हणजे ३२ वरून ४.

इथवर सगळे खूश होते. मग मी कागदाची बेरीज मांडली. खोका तोच, ११८ ग्रॅमचा. नवा जाळीदार कागद ३८ ग्रॅम, कागदी पट्टी ९, वेष्टनं १६. आधी अख्खं पॅकिंग १५० ग्रॅमचं होतं, आता १८५ ग्रॅमचं झालं. प्लॅस्टिक २८ ग्रॅमने घटलं आणि एकूण वजन ३५ ग्रॅमने वाढलं. यातलं कुठलंही वाक्य खोटं नाही. पण पहिलं सांगून दुसरं लपवायचं आणि वर ‘पर्यावरणावरचा भार कमी केला’ असं लिहायचं, हे खरं नाही. कागद बनवायला पाणी आणि वीज लागते, जड पार्सल वाहून न्यायला इंधन लागतं. एकूण भार वाढला की घटला हे सांगायला वेगळा अभ्यास लागतो, तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर होत नाही. म्हणून दावा प्लॅस्टिकच्या ग्रॅमपाशीच थांबवायचा. तेवढं आपण मोजलंय.

टक्क्यांपेक्षा मला ग्रॅम आवडतात, तेही एका कारणाने. ‘८७ टक्के कमी प्लॅस्टिक’ वाचलं की लगेच प्रश्न येतो, कशापेक्षा? बाजारापेक्षा, दुसऱ्या ब्रँडपेक्षा, की गेल्या वर्षीच्या स्वतःपेक्षा? ‘आधी ३२ ग्रॅम, आता ४ ग्रॅम’ यात तुलना कशाशी आहे ते वाक्यातच आलं. टक्के द्यायचेच असतील तर आधीचे आकडे शेजारी लिहा.

पुढचं काम थोडं कंटाळवाणं आहे: कागद खरंच कागद आहे का ते बघणं. प्रत्येक कागदी वस्तूचा तळहाताएवढा तुकडा पाण्याच्या भांड्यात रात्रभर ठेवा. सकाळी बोटांनी चोळा. नुसता कागद असेल तर लगदा होतो. हाताला पातळ पारदर्शक पापुद्रा लागला, तर आतून किंवा वरून प्लॅस्टिकचा थर आहे. चकचकीत छापील डब्या, तेल न झिरपणारी वेष्टनं, काही ‘बटर पेपर’ इथेच उघडे पडतात. (मेणाचा किंवा सिलिकोनचा थर असा पापुद्र्यासारखा सुटत नाही, त्यामुळे लगदा न होता कागद तसाच राहिला तर पुरवठादाराला लेखी विचारा.) कागदी पट्टी ओली करून उभी फाडून बघा. पार्सल मजबूत व्हावं म्हणून काही पट्ट्यांमध्ये काचेच्या तंतूचे धागे घातलेले असतात. एका गिऱ्हाइकाकडे अशीच निघाली होती आणि ‘पूर्ण कागदी’ हे वाक्य आम्हाला कापावं लागलं.

हा घरगुती प्रयोग आहे, प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे. त्याच्या जोरावर ‘प्लॅस्टिकमुक्त’ म्हणू नका. त्याचा उपयोग उलट्या बाजूने आहे. काय म्हणायचं नाही, हे तो चटकन दाखवतो.

आता खोका. तो तपकिरी आहे म्हणून रिसायकल केलेला आहे असं आपण सगळेच धरून चालतो. आपल्याकडचा बराचसा क्राफ्ट कागद रद्दीपासून बनतो हे खरं. पण तपकिरी रंग हा पुरावा नाही, कारण लाकडाच्या नव्या लगद्याचा क्राफ्टही तपकिरीच असतो. पुष्कळदा बाहेरचा थर दिसायला चांगला आणि मजबूत हवा म्हणून नव्या लगद्याचा घेतात आणि आतला नागमोडी थर रद्दीचा. खोकेवाल्याला फोन केलात तर तो म्हणेल, “मॅडम, सगळं रिसायकलच असतं.” तो खोटं बोलत नसतो. त्याने स्वतः कधी विचारलेलं नसतं. तो रीळ विकत घेतो मिलकडून. भाव चढला की दुसऱ्या मिलचं रीळ आणतो आणि तुमच्या खोक्याचं प्रमाण बदलतं. मी खरेदीत असताना हे दर दोन-तीन महिन्यांनी व्हायचं आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही नसायचा.

म्हणून त्याला फोन नको, मेल करा आणि उत्तर लेटरहेडवर मागा. विचारायचं एवढंच: आमच्या या ऑर्डरच्या खोक्यात बाहेरच्या, मधल्या आणि आतल्या थराचा कागद कुठल्या मिलचा, त्यात रद्दीपासूनचा अंश किती टक्के, आणि मिलने तसं लिहून दिलेला कागद आहे का. उत्तर आलं तर ते फाइलमध्ये ठेवून लिहा, “खोक्याच्या कागदात रद्दीपासूनचा अंश इतके टक्के, पुरवठादाराच्या अमुक तारखेच्या पत्रानुसार.” उत्तर आलं नाही तर ‘रिसायकल केलेला’ हा शब्द सोडून द्या. ‘नालीदार पुठ्ठ्याचा खोका’ म्हणा, त्यात कमीपणा कसला. आणि त्याच्याकडे कागदाचा उगम तपासणाऱ्या एफएससी या संस्थेचं प्रमाणपत्र आहे असं तो म्हणाला तर त्यावरचा परवाना क्रमांक FSC-C पासून सुरू होतो, तो search.fsc.org वर टाकून बघा. प्रमाणपत्र त्याचं असतं. ते झाडाचं चिन्ह आपल्या पोस्टवर चिकटवायला तुम्हाला वेगळा परवाना लागतो.

मराठीत एक जास्तीची अडचण आहे. ‘रिसायकल पॅकेजिंग’ असं आपण बिनदिक्कत लिहितो आणि त्याचा अर्थ ‘रिसायकल केलेलं’ की ‘रिसायकल होऊ शकणारं’ हे वाचणाऱ्यावर सोडतो. दोन्ही दावे वेगळे आणि पुरावेही वेगळे. दुसऱ्यासाठी माझी कसोटी साधी आहे: तुमच्या गल्लीतला रद्दीवाला ते घेतो का? पुठ्ठ्याचा खोका तो किलोच्या भावाने घेतो. प्लॅस्टिकचा थर दिलेली डबी परत करतो. प्लॅस्टिकवरच्या त्रिकोणातल्या आकड्यालाही भुलू नका. तो आकडा प्लॅस्टिक कुठल्या जातीचं ते सांगतो, ते रिसायकल होईलच असं नाही.

आता तुमचं उटण्याचं पाऊच. सगळ्यात मोठा धोका मला तिथे दिसतो. ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणून बाजारात येणारं पाऊच बहुधा दोनपैकी एक असतं. एक म्हणजे साध्या प्लॅस्टिकमध्ये काहीतरी मिसळलेलं, जे उन्हावाऱ्याने फाटून त्याचे बारीक तुकडे होतात. दिसेनासं झालं म्हणजे नष्ट झालं असं नव्हे. दुसरं म्हणजे खरोखरचं कंपोस्टेबल प्लॅस्टिक, मक्यासारख्या पिकाच्या स्टार्चपासूनचं वगैरे. त्याची चाचणी आयएस १७०८८ या मानकाने होते आणि ती साधारण ५८ अंश सेल्सिअसला होते. तिथे १८० दिवसांत ९० टक्के विघटन व्हावं लागतं. एवढी ऊब कंपोस्टच्या मोठ्या प्रकल्पात तयार होते. बाल्कनीतल्या कुंडीत नाही, आणि कचरा डेपोच्या ढिगात तर त्याची खात्रीच नाही. आमच्या सात महिन्यांच्या पाऊचला नेमकं हेच झालं होतं. प्रमाणपत्र खरं होतं, वाक्य खोटं होतं. ‘योग्य प्रकल्पात’ हे दोन शब्द मी सुंदर दिसत नाहीत म्हणून गाळले होते.

त्यामुळे पाऊचवाल्याकडून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राची प्रत मागा. कंपोस्टेबल प्लॅस्टिकच्या वस्तू बनवणाऱ्याला त्या विकण्याआधी ते घ्यावंच लागतं. प्रत आली की तीन गोष्टी जुळवून पाहा: त्यावरचं नाव तुम्हाला बिल देणाऱ्याचं किंवा त्याच्या उत्पादकाचं आहे का, वस्तू म्हणून पाऊच लिहिलंय की नुसती कॅरीबॅग, आणि तुमच्या पाऊचवर तसं छापलंय का. पुष्कळदा प्रमाणपत्र नुसत्या फिल्मचं असतं आणि तुमच्या पाऊचला वर प्लॅस्टिकची झिप आणि छपाईचा आणखी एक थर असतो. मग ते प्रमाणपत्र तुमच्या पाऊचचं राहत नाही. कागद जुळले तरी पोस्टमध्ये विल्हेवाटीची अट लिहावी लागेल, आणि तुमच्या गिऱ्हाइकाच्या गावात तसा प्रकल्प नसेल तर तो दावा त्याच्या काहीच कामाचा नाही. मी तुमच्या जागी असते तर या पोस्टमध्ये पाऊचचा दावाच केला नसता. कागद हातात येईपर्यंत ‘उटण्याचं पाऊच अजून प्लॅस्टिकचंच’ असं धरून चालले असते.

सगळं मोजून झाल्यावर त्या साबणवाल्या गिऱ्हाइकासाठी आम्ही शेवटी हे लिहिलं. तुमचे आकडे घालून वापरा, हरकत नाही:

“पार्सलमध्ये काय बदललं? चार साबणांच्या पार्सलमध्ये आधी ३२ ग्रॅम प्लॅस्टिक जायचं, आता ४ ग्रॅम जातं. बबल रॅप, प्लॅस्टिकची चिकटपट्टी आणि साबणावरचं श्रिंक रॅप आम्ही बंद केलं. उरलेले ४ ग्रॅम म्हणजे कुरिअरचं पत्त्याचं पाऊच आणि साबणावरचे स्टिकर. कागद वाढल्यामुळे पॅकिंग एकूण ३५ ग्रॅमने जड झालंय, तो कागद कमी कसा करता येईल ते बघतोय. खोका आणि आतला कागद रद्दीत देता येतो, फक्त पत्त्याचं पाऊच आधी काढून टाका. वजनं आम्ही दहा पार्सलचं सामान मोजून काढली आहेत, फोटो प्रोफाइलमधल्या लिंकवर आहेत.”

यात मिरवणारं एकही विशेषण नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझी पद्धतच ती आहे. मसुदा लिहून झाला की ‘पूरक’, ‘स्नेही’, ‘मुक्त’, ‘शून्य’ असे शेपूट लावलेले शब्द शोधते आणि प्रत्येकाच्या जागी क्रियापद ठेवून बघते. ‘प्लॅस्टिकमुक्त’ जातं आणि ‘बबल रॅप बंद केला’ येतं. ज्या शब्दाच्या जागी असं काहीच येत नाही, त्याच्यामागे बहुधा काही घडलेलंच नसतं. ‘प्रत्येक ऑर्डरमागे एक झाड वाचतं’ हे वाक्य मी पुष्कळांच्या मसुद्यांतून काढलंय. ‘कुठलं झाड?’ एवढाच प्रश्न विचारते.

चित्राकडेही बघा. मजकूर सगळा सरळ आणि शेजारी हिरव्या पानांतून उगवणारी पृथ्वी, किंवा ॲपमधून घेतलेला ‘इको सर्टिफाइड’ असा गोल शिक्का, तर चित्र वेगळाच दावा करतं. त्या मार्गदर्शक तत्त्वांत शब्दांइतकीच चिन्हं आणि चित्रंही मोजली जातात. त्यापेक्षा काट्यावर ठेवलेल्या जुन्या बबल रॅपचा फोटो टाका. माझ्या गिऱ्हाइकाच्या पोस्टवर लोक त्या फोटोवरच बोलले. एकीने विचारलं, “स्टिकर कागदाचा का नाही?” उत्तर द्यायला सोपं गेलं, कारण ते १ ग्रॅम आम्ही आधीच कबूल केले होते.

शेवटची गोष्ट दिवाळीची, आणि उटण्यामुळे ती तुम्हाला चुकणार नाही. ऑर्डर तिप्पट होतात, जाळीदार कागद संपतो, पुरवठादार म्हणतो आठ दिवस लागतील, आणि पॅकिंगला बसलेली मुलं कपाटातला उरलेला बबल रॅप काढतात. पोस्ट मात्र पिन करून ठेवलेली असते. तेव्हा जुना बबल रॅप आत्ताच कुणाला तरी देऊन टाका. आणि तरीही वापरायची वेळ आलीच तर त्याच दिवशी पोस्टच्या वर एक ओळ टाका: ‘कागद संपल्यामुळे अमुक तारखेपासून काही पार्सल बबल रॅपमध्ये जात आहेत.’ कागद आला की ती काढा, पण तारखा कुठेतरी लिहून ठेवा.